तो जहाजांचा खेळ मीच विकला

मंडळी,

जे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, घरीसुद्धा नाही, ते आधी लिहितो. नाहीतर पुढची चार पानं इकडचं तिकडचं लिहीन आणि ते राहून जाईल. मला माझी सवय माहीत आहे.

आपल्या दुकानातल्या खेळांच्या लायब्ररीतला जहाजांचा मोठा खेळ चोरीला गेला नव्हता. तो मी विकला. मंगळवारी दुपारी, दुकानात कोणी नसताना, पुण्याहून गाडी घेऊन आलेल्या एका संग्राहकाला. भाऊंनी तो नेला नव्हता. हे मला तेव्हाही माहीत होतं, आणि तुम्ही सगळे बोलत होतात तेव्हा मी काउंटरमागे उभा होतो.

आता दुसरी गोष्ट. दुकान बंद होतंय. या महिन्याचा शेवटचा रविवार हा शेवटचा दिवस. आपली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आहे, सोसायटीने दुकानांना नोटिसा दिल्या आहेत. गाळ्याच्या मालकांना नव्या इमारतीत गाळा मिळेल. मी भाडेकरू; माझं लीव्ह अँड लायसन्स संपलं की माझा संबंध संपला. हे कारण मी शेजारच्या झेरॉक्सवाल्याला सांगितलं, सासऱ्यांना सांगितलं, शटरवरच्या कागदावरही तेच लिहिलंय. खोटं नाही. पण दोन सेक्टर सोडून एक गाळा मिळत होता, बघूनही आलो होतो. मालक म्हणाला, "काका, टोकन द्या, नाव लिहून ठेवतो." मी दिलं नाही. ते का, हे कळायला मधलं सगळं सांगावं लागेल. तुमच्यातले निम्मे लोक तेव्हा यायचे, निम्मे नंतर आलात, म्हणून पहिल्यापासून लिहितो.

दुकान सुरू केलं तेव्हा वाशीत लोक आत डोकावून विचारायचे, "कॅरम आहे का?" कॅरम ठेवायचो, ल्युडोही. पण मला विकायचे होते ते मोठे खेळ. ज्यांचे नियम वाचायला अर्धा तास लागतो आणि पहिल्यांदा खेळताना अर्धं चुकतंच. असा खेळ खोक्याकडे बघून कोणी घेत नाही. तो कोणीतरी बसवून शिकवावा लागतो. एकदा टेबलावर खेळला की माणूस घरी जाऊन बायकोला म्हणतो, एक घेऊया का. म्हणून मागच्या बाजूला चार टेबलं टाकली आणि उघडलेले खेळ कपाटात ठेवून लायब्ररी केली. वर्षाची वर्गणी, शनिवारी संध्याकाळी यायचं, खेळायचं.

अशा लायब्ररीचा खरा शत्रू चोर नसतो, हरवलेली सोंगटी असते. एक लाकडी बैल सोफ्याखाली गेला की दोनशे नगांचा खेळ मेला. म्हणून आपण कार्डं केली. प्रत्येक खेळाचं एक कार्ड, काउंटरच्या लांबट ड्रॉवरमध्ये. वर यादी: पत्ते इतके, ठोकळे इतके, नाणी इतकी, पट एक. खाली दोन रकाने. खेळून झालं की टेबलावरच्या एकाने सगळे नग मोजायचे आणि पहिल्या रकान्यात सही करायची. मग मी मोजायचं आणि दुसऱ्या रकान्यात सही करायची. माझी सही झाली की जबाबदारी दुकानाची. तोवर ज्याने मोजलं त्याची. हा नियम मीच भिंतीवर लावला होता, लॅमिनेट करून.

जहाजांचा खेळ दुकानाचा नव्हता. तो अकरा सभासदांनी मिळून घेतला होता. छापणं बंद झालेला, जर्मनीहून कोणाच्या तरी मेव्हण्याच्या बॅगेतून आलेला. बंदरं, गोदामं, रंगीत लाकडी पेट्या, जहाजात माल कुठल्या क्रमाने भरायचा यावर सगळं. आधी उतरायचा माल तळाला गेला की तुम्ही संपलात. तो खेळ आपल्याकडे शिकवणारा एकच माणूस होता. भाऊ.

नवीन मंडळींसाठी सांगतो. भाऊ जासईचे. तिथल्याच एका कंटेनर यार्डात सर्व्हेअर. आलेला डबा, म्हणजे कंटेनर, फिरून बघायचा, पोचा कुठे, भोक कुठे, सील आहे का, नंबर बरोबर का, आणि कागदावर सही करायची. त्यांच्या सहीवर डबा आत किंवा बाहेर. एका शनिवारी भाचीसाठी काहीतरी घ्यायला आले, टेबलाशी उभे राहून बघत बसले आणि दोन तास हलले नाहीत. पुढच्या शनिवारी वर्गणी भरली. आपण सगळे फ्लॅटवाले, आयटीवाले, बँकवाले, प्राध्यापक. ते एकटे गावचे. इंग्रजी नियमपुस्तिका अडखळत वाचायचे, पण एकदा वाचली की आपल्याला शिकवायचे.

"जहाज भरला म्हंजे पोचला असा नाय हो साहेब," ते म्हणायचे. "आमच्या बंदरावं या कवा. भरल्यालं तीन दिस उभं र्‍हातंय."

"भाऊ, पण नियमात तसं नाही," आपले बँकेतून निवृत्त झालेले साहेब म्हणायचे.

"नियमात नाय, पन होतंय तसाच."

सगळे हसायचे. नवीन आलेली माणसं भाऊंच्या टेबलावर बसली की त्यातली निम्मी काहीतरी विकत घेऊन जायची. मी त्यांना कधी पगार दिला नाही, कमिशन दिलं नाही. चहा द्यायचो.

कोविडनंतर दुकान पुन्हा उघडलं त्या वर्षी मी थेट आयात करायचं धाडस केलं. इथला वितरक ऑनलाइनवाल्यांना मला देतो त्याहून स्वस्त माल द्यायचा. माझ्या खरेदीच्या भावाला ते विकायचे. म्हणून दुसऱ्या दोघांबरोबर कंटेनरमध्ये जागा घेतली. तेव्हा खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा झाला होता. चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी जे जे ते खेळणं. माझ्या खोक्यांपैकी बऱ्याच खोक्यांवर 'दहा वर्षांवरील' छापलेलं. मला वाटलं होतं, हे काय खेळणं आहे, हे तर मोठ्यांचं. कस्टमच्या माणसाने खोका उलटा करून तो आकडा दाखवला आणि संपलं. चौदा किंवा त्यावरचा आकडा असलेला माल सुटला. बाकीचा एकतर स्वतःच्या खर्चाने परत पाठवा नाहीतर नष्ट करा. हे ठरेपर्यंत माल गोदामात पडून, आणि पडून असलेल्या प्रत्येक दिवसाचं भाडं.

भाऊंना मी विचारलं होतं. ते सुट्टी टाकून माझ्याबरोबर आले. क्लिअरिंग एजंट मला आठ दिवस "बघतो साहेब, करतो साहेब" म्हणत होता. भाऊंनी दहा मिनिटांत त्याच्याकडून काढून घेतलं की अर्जच गेलेला नाही. बाहेर टपरीवर ते म्हणाले, "शेट, परत धाडा. अडकून र्‍हाल तर भाडंच मालाच्या वर जाईल." मी ऐकलं. परत पाठवायलाही पैसे लागले. हा माणूस माझ्यासाठी अर्धा दिवस उन्हात उभा होता, हे लिहून ठेवतो, कारण पुढचं त्यानंतर दोनच महिन्यांनी झालं.

त्या दोन महिन्यांत गाळ्याचं भाडं थकलं. पुण्याच्या एका संग्राहकाने आधीही फोन केला होता, जहाजांचा खेळ द्याल का. मी नाही म्हणालो होतो. या वेळी फोन मी केला.

तो येण्याच्या आधीच्या शनिवारी तो खेळ झाला. भाऊंनी सगळे नग मोजले, पेट्या रंगाप्रमाणे पिशव्यांत भरल्या, सही केली आणि कार्ड घेऊन काउंटरशी आले. मी एका गिऱ्हाइकाला खेळ बांधून देत होतो.

"शेट, मोजून घ्या. सही करा."

"ठेवा हो भाऊ. करतो नंतर."

"मी थांबतो."

"तुमची बस जाईल. जा तुम्ही, मी करतो."

त्यांना असं अर्धवट सोडून जाणं जमत नव्हतं. मग गेले. मी नंतर मोजलं नाही. मोजायची गरज नव्हती. भाऊंनी मोजलं म्हणजे झालं.

मंगळवारी संग्राहक आला. खोका उघडून म्हणाला, "लायब्ररीचा आहे. सगळे नग आहेत कशावरून?" मी ड्रॉवरमधून कार्ड काढून त्याच्यासमोर धरलं. "परवाच मोजलेत. हा माणूस बंदरावर सर्व्हे करतो." भाऊंची सही दाखवून मी तो खेळ विकला. पूर्ण संच म्हणून भाव चांगला आला. कार्ड त्याने परत दिलं आणि मी ते ड्रॉवरमध्ये होतं तिथे ठेवलं. फाडून टाकलं नाही. डोक्यात काही डाव नव्हता, एवढंच सांगू शकतो. माझा बेत होता की दोन-तीन महिन्यांत दुसरी प्रत कुठूनतरी घेईन, कपाटात ठेवीन, कोणाला कळणार नाही.

शनिवारी तुम्ही खेळ मागितलात. कपाटात जागा रिकामी. साहेबांनी ड्रॉवरमधून कार्ड काढलं आणि मोठ्याने वाचलं. पहिल्या रकान्यात भाऊंची सही. दुसरा रकाना रिकामा.

मी त्या क्षणी म्हणू शकलो असतो, सही करायची माझी राहिली, खेळ परत आलेला होता. एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. विकल्याचं लपलं असतं आणि भाऊ सुटले असते. पण मग पुढचा प्रश्न आला असता, की मग दुकानातून गेला कसा. चावी माझ्याकडेच. मी म्हणालो, "बघतो. विचारतो त्यांना."

'विचारतो त्यांना' हे माझे शब्द. यापुढे तुम्ही जे बोललात ते माझ्या या दोन शब्दांवर बोललात, म्हणून तुम्हाला मी दोष देत नाही. थोडा देतो. कोणीतरी म्हणालं, ते तर शेवटी निघाले ना त्या दिवशी. कोणीतरी म्हणालं, मोठी पिशवी होती खांद्याला. पिशवी प्रत्येकाकडे होती. कोणी हेही म्हणालं की या लोकांना किंमत माहीत असते बरोबर. 'या लोकांना'. आणि आपण दुसरे खेळ मांडायला घेतले.

भाऊ आले तेव्हा डाव लागलेले होते. साहेब हसतहसतच म्हणाले, "काय भाऊ, बंदरावरून आलेला माल बंदरावरच गेला वाटतं?"

भाऊंना आधी कळलंच नाही. तेही हसले. मग रिकाम्या खणाकडे लक्ष गेलं, मग कार्डाकडे. ते माझ्याकडे वळले.

"शेट, मी मोजून दिला तुमाला. सांगा ना यांना."

मी पावतीपुस्तक चाळत होतो. "असेल हो इथेच कुठेतरी," मी म्हणालो. "सापडेल. टेन्शन घेऊ नका."

"टेन्शनचा नाय शेट. तुमी म्हनालंव, जा, मी करतो सही."

"मला नक्की आठवत नाही भाऊ. गर्दी होती."

हे मी बोललो. मग त्या दिवशी ते खेळायला बसले, हे मला सगळ्यात जास्त छळतं. एका टेबलावर चौथा माणूस कमी होता म्हणून बसले, डाव पूर्ण केला, नग मोजले. कार्ड काउंटरवर आणलं आणि माझी सही होईपर्यंत हलले नाहीत.

नंतरच्या आठवड्यात ते मधल्या वारी आले, दुपारी. सभासदत्वाचं कार्ड काउंटरवर ठेवलं.

"वर्गनी नको परत," ते म्हणाले. "तुमाला ठावं हाय काय झाला ते. मना दिसतंय."

मी पाणी विचारलं. ते म्हणाले, नको. गेले.

मी तेव्हाही म्हटलं, प्रत मिळाली की सगळं ठीक करीन. प्रत मिळाली नाही. म्हणजे एकदा मिळत होती, ज्या भावाला मी विकला त्याच्या दुप्पट भावाला. मी घेतली नाही.

हे इथपर्यंतच असतं तर कदाचित तुम्ही म्हणाला असतात, खेळच तो, सोडा. पण आपल्यातले एकजण शिपिंग कंपनीत आहेत. त्यांनी वाईट हेतूने केलं नसेल, गंमत म्हणून कुठेतरी सांगितलं असेल. गोष्ट यार्डात पोचली. वर्षभराने तेच मला म्हणाले, "तुमच्या त्या भाऊंना गेटवरून काढलं म्हणे. आता यार्डाच्या मागे रिकाम्या डब्यांच्या धुलाईवर देखरेख करतात. तिथल्या मॅनेजरच्या कानावर ते खेळाचं गेलं होतं, मग एकदा एका डब्याचं सील तुटलेलं निघालं, तेव्हा कोणी यांचं ऐकलं नाही." सील कोणी तोडलं ते मला माहीत नाही. भाऊंनी नाही, एवढं मी सांगू शकतो. ज्या माणसाचं काम मोजून सही करणं, त्याच्या सहीची किंमत मी घालवली. आणि ती सही खरी आहे हे त्या दिवशी भाऊ सोडून फक्त मला माहीत होतं.

दुकानाचं काय झालं ते तुम्ही बघितलंच. भाऊ गेल्यावर टेबलावर शिकवणारं कोणी उरलं नाही. मी शिकवायला गेलो की काउंटर रिकामा, काउंटरवर बसलो की नवीन लोक नियमपुस्तिका उघडून पंधरा मिनिटांत बंद करणार आणि मोबाइल काढणार. शिकवल्याशिवाय विक्री नाही. मग कॅफेवाल्यांनी खेळ ठेवायला सुरुवात केली, कॉफीबरोबर फुकट. लोक इथे येऊन खोका हातात घेऊन बघायचे, फोटो काढायचे आणि ऑनलाइन मागवायचे. मी रागवायचो, पण त्यांना इथून घ्यावंसं वाटेल असं मी त्यांना काय देत होतो? ते देणारा माणूस मी घालवला होता. म्हणून नवा गाळा घेतला नाही. चार टेबलं दुसरीकडे नेऊन मांडली तरी तीच माणसं तीच गोष्ट धरून बसणार, आणि मी काउंटरमागे.

गेल्या महिन्यात मी जासईला गेलो होतो. घर विचारत गेलो. ओट्यावर त्यांच्या पत्नी तांदूळ निवडत होत्या. मी म्हणालो, वाशीहून आलोय, खेळांच्या दुकानातून. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"ते ड्यूटीवं हान," त्या म्हणाल्या. "काय काम होता?"

"काही नाही. सहज."

"सहज कोन येतंय यवर्‍या लांब?"

मी म्हणालो, पुन्हा येईन. त्यांनी सूप परत उचललं. चहाही विचारला नाही, जे त्या गावात होत नाही. म्हणजे घरात माहीत आहे. रस्त्याला लागल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच लाज घेऊन बसमध्ये बसलो.

आता कामाचं.

ज्यांनी आगाऊ नोंदणी केलेले खेळ आलेले नाहीत त्यांचे पैसे परत मिळतील. वितरकाकडची ऑर्डर मी रद्द केली आहे. गिफ्ट कूपन शेवटच्या रविवारपर्यंत चालतील, उरलेल्याचे रोख देईन. सीलबंद माल ठाण्याचा एक दुकानदार घाऊक भावाने घेतोय, त्यामुळे हवं असेल ते आधी या. उघडलेले खेळ वितरक परत घेत नाही, ते लायब्ररीबरोबर वाटायचे आहेत. चिठ्ठ्या टाकू, प्रत्येक सभासदाला दोन खेळ. नेण्याआधी तुमच्यासमोर नग मोजू आणि जे कमी असेल ते खोक्यावर लिहून देईन. सुट्या सोंगट्यांचा डबा ज्याला लागेल त्याने न्यावा. टेबलं एका शाळेला देतोय.

जहाजांच्या खेळात ज्या अकराजणांचे पैसे होते त्यांना प्रत्येकाचा वाटा, मी ज्या भावाला विकला त्या भावाने, पाकिटात घालून ठेवला आहे. अकरावं पाकीट भाऊंचं. यावर मला काही ऐकवायचं असेल तर ऐकवा, मी दुकानात असेन. दुकानाची चावी तेव्हा माझ्या एकट्याकडे होती हे तुमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही, याचं मात्र मला आजही नवल वाटतं. की आलं होतं?

हे पत्र मी तुम्हा सगळ्यांना पाठवतोय, कारण गोष्ट तुम्हा सगळ्यांसमोर झाली. भाऊंना पाठवणार नाही. त्यांना कागद पाठवणं म्हणजे पुन्हा काउंटरमागे उभं राहणं.

भाऊंच्या घरी जाऊन, त्यांच्या पत्नीसमोर, खेळ मी विकला आणि आळ त्यांच्यावर येऊ दिला हे तोंडाने सांगणं माझ्यावर बाकी आहे. यार्डाच्या ऑफिसात जाऊन मॅनेजरसमोर तेच सांगणं आणि लिहून देणंही बाकी आहे. यातलं एकही मी अजून केलेलं नाही.